तिघंही आपापल्या फ्लोटच्या आत होते, तरी माग ६ दिवस उशिरा चढले. चुकलं कुठे?

शेडवाला

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याची शेड नुकतीच संपवली. मी साइट इंजिनिअर, नोकरीचं तिसरं वर्ष. या वेळी पहिल्यांदाच मालकाला तारखा तोंडी न सांगता, कोणतं काम कशानंतर ते बाणांनी दाखवणारं नेटवर्क काढून दिलं होतं. कागद बरोबर दिसत होता, साइटवर आपटलो.

कामं अशी होती. दिवस सगळे कामाचे:

```
काम          दिवस    आधी काय संपायला हवं
फुटिंग         १४     -
फॅब्रिकेशन      १८     -
उभारणी        ७      फुटिंग, फॅब्रिकेशन
पत्रे           ५      उभारणी
कोबा          १२     पत्रे
चर            ६      फुटिंग
पॅनेलखोली      ८      चर
वायरिंग        ५      पॅनेलखोली, पत्रे
माग           १०     कोबा, वायरिंग
```

चर म्हणजे गेटपासून पॅनेलखोलीपर्यंत केबलचा. फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये, म्हणून पहिल्या दिवसापासून सुरू.

फॉरवर्ड पास करून ५२ दिवस आले. क्रिटिकल पाथ, म्हणजे सगळ्यात लांब साखळी: फॅब्रिकेशन, उभारणी, पत्रे, कोबा, माग. टोटल फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलता काम किती दिवस लांबू शकतं ते, मी असे काढले: फुटिंग ९, चर ९, पॅनेलखोली ९, वायरिंग ७, बाकी सगळे शून्य.

मग मी शहाणपणा केला. चरवाल्याला फोन करून सांगितलं, "घाई नाही, ९ दिवस हाताशी आहेत." गवंड्याला तेच, वायरमनला ७. चरवाल्याने ७ दिवस उशीर केला. गवंड्याने त्याच्या ८ दिवसांचे १३ केले. वायरमनने ५ चे ८. एकानेही दिलेल्या मुदतीबाहेर पाय टाकला नाही. आणि कोबा ४२ व्या दिवशी तयार असताना वायरिंग संपलं ४८ ला. माग घेऊन आलेली गाडी गेटवर, फिटर लॉजवर, लॉजचं बिल माझ्या नावावर. मालक म्हणाले, "तुमच्या कागदात ९ दिवस शिल्लक होते ना हो साहेब?"

गणित चुकलं की मी चुकलो?

---

ट्रिमिक्स_अण्णा

फ्लोटसाठी एवढं डोकं कशाला लावता? आमच्याकडे पॉवर फ्लोटर भाड्याने आहे, ऑपरेटरसकट. होटगी रोडपर्यंत पोहोच देतो. कोबा १२ दिवस फार झाले, ५ दिवसांत गुळगुळीत करून देतो.

---

शेडवाला

अण्णा, हा तो फ्लोट नव्हे. पण १२ मध्ये ५ दिवस ओतकाम आणि ७ दिवस पाणी मारणं धरलंय.

---

एमएसपी_गुरू

हे हाताने करायचे दिवस गेले. एमएस प्रोजेक्टमध्ये टाका, `Total Slack` आणि `Free Slack` हे दोन कॉलम उघडा, काम संपलं. कागदावर केलं म्हणून चुकलं.

---

मंगळवेढेकरीण

गुरुजी, मी आत्ताच टाकून पाहिलं. चर, पॅनेलखोली आणि वायरिंगसमोर `Total Slack` ९, ९ आणि ७ असंच येतं. म्हणजे शेडवाल्यांनी जे तीन आकडे फोनवर सांगितले, तेच सॉफ्टवेअरनेही सांगितले असते. चूक आकडे काढण्यात नाही, आकडे वाटण्यात आहे. एक आकडा मात्र खरंच चुकलाय, फुटिंगचा. त्याच्याकडे नंतर येते.

शेडवाला, तुमचा फॉरवर्ड पास मी पुन्हा चालून गेले, साइटवर फिरल्यासारखा. शून्यापासून मोजते. फुटिंग १४ ला संपतं, फॅब्रिकेशन १८ ला. उभारणीला दोन्ही हवीत, म्हणून ती उशिरा येणाऱ्याची वाट पाहते आणि १८ ला सुरू होते. २५ ला उभारणी संपते, ३० ला पत्रे, ४२ ला कोबा, ५२ ला माग. दुसऱ्या बाजूने चर १४ ते २०, पॅनेलखोली २० ते २८. वायरमन २८ ला येऊ शकत होता, पण डोक्यावर पत्रे नाहीत, म्हणून तो ३० ला सुरू करतो आणि ३५ ला संपवतो.

आता उलट या. माग ४२ ला सुरू व्हायलाच हवेत, म्हणून वायरिंग उशिरात उशिरा ४२ ला संपलं तरी चालेल, म्हणजे ३७ ला सुरू झालं तरी चालेल. मग पॅनेलखोली ३७ ला संपली तरी चालेल, २९ ला सुरू झाली तरी चालेल. आणि चर २९ ला संपला तरी चालेल.

इथे थांबून बघा. "चर २९ ला संपला तरी चालेल" हे वाक्य खरं आहे, पण एका अटीवर: त्यानंतर गवंडी बरोबर ८ दिवसांत आणि वायरमन बरोबर ५ दिवसांत काम उरकणार. चराचे ९ दिवस मोजताना आपण पुढच्या दोघांचं सगळं सुख आधीच खाल्लेलं असतं. पॅनेलखोलीचे ९ मोजतानाही तसंच, चर वेळेवर २० ला संपला असं गृहीत धरून.

तुमच्या कागदावर चराचे ९, खोलीचे ९ आणि वायरिंगचे ७ असे २५ दिवस दिसत होते. प्रत्यक्षात त्या वाटेवर होते फक्त ९. फुटिंगपासून वायरिंगपर्यंत १४, ६, ८ आणि ५ मिळून ३३ होतात, माग ४२ ला. बेचाळीसातून तेहतीस गेले, नऊ उरले. तिघांनी वापरले ७, ५ आणि ३, म्हणजे १५. पंधरातून नऊ गेले की सहा. तुमची गाडी गेटवर किती दिवस उभी होती?

---

शेडवाला

सहाच. बसून पुन्हा आकडे लिहिले. चर २७, खोली ४०, वायरिंग ४८. ताई, एकच हंडा मी तीन घरांना सांगून ठेवला होता.

---

चाटीगल्ली

आमच्याकडं पण असंच झालतं. ते फ्लोट वगैरे आम्हाला कळत नाही. पण आमचे माग यायच्या आधी सगळं तयार आणि वीज जोडणीच नाही. ठेकेदार म्हणतोय माझं वायरिंग झालं, मी मोकळा. पॅनेलमध्ये करंट आला कुठं? तुमच्या यादीत वीज जोडणी कुठं दिसंना. का जुन्या शेडचंच कनेक्शन वापरलालाव?

---

शेडवाला

हो काका, बाजूच्या जुन्या शेडचा मंजूर भार पुरेसा होता, तिथूनच केबल ओढली. म्हणून तर चर गेटजवळच्या जुन्या पॅनेलपासून.

---

मंगळवेढेकरीण

काकांनी मुद्द्याचं विचारलं. नवं कनेक्शन असतं आणि ते यादीत नसतं, तर वायरिंगसमोरचे ७ दिवस निव्वळ कागदी ठरले असते. जे काम काढलेलंच नाही, त्याचा बाण नाही, आणि बाण नसला की मागच्या कामाला उगाच फ्लोट दिसतो.

---

डिप्लोमा_तिसरं_वर्ष

मला यात फ्री फ्लोट काढून द्याल का? परवा पेपर आहे. मी काढला तर प्रत्येक ओळीत १ जास्त येतोय. फुटिंग दिवस १ ते १४, चर दिवस १५ ते २०. पुढच्याची अर्ली स्टार्ट वजा ह्याची अर्ली फिनिश, १५ वजा १४, म्हणजे १. पण क्रिटिकल पाथवरच्या कामांनाही १ येतोय, तिथे तर शून्य यायला हवा.

---

मंगळवेढेकरीण

तुझं सूत्र बरोबर, मोजणी पण बरोबर, दोन्ही एकत्र चुकीचे. मी शून्यापासून मोजते तेव्हा १४ म्हणजे चौदाव्या दिवसाची संध्याकाळ, आणि चर त्याच संध्याकाळपासून पुढे धरलाय. तू कॅलेंडरसारखं मोजतोस, तुझा १४ म्हणजे संध्याकाळ आणि १५ म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ. मधली रात्र तुला एक दिवस वाटतेय. तसंच मोजायचं असेल तर शेवटी आणखी १ वजा कर. पेपरात कोणतीही एक पद्धत धर, मध्येच बदलू नकोस.

शून्यापासून मोजलं तर फ्री फ्लोट, म्हणजे पुढच्या कामाची लवकरची सुरुवात न हलवता मिळणारे दिवस, असे: चर ०, पॅनेलखोली २, वायरिंग ७, फुटिंग ०. क्रिटिकल सगळे ०.

पॅनेलखोलीचे २ बघ. ती २८ ला संपते, वायरमन तसाही ३० पर्यंत पत्र्यांची वाट बघत बसलाय. म्हणून गवंड्याने हे २ दिवस घेतले तर वायरमनला पत्ताही लागत नाही. तिसरा दिवस घेतला की तो वायरमनच्या ७ मधून जातो. गवंड्याच्या ९ पैकी २ त्याचे स्वतःचे, ७ उसने. चरवाल्याचे तर नऊच्या नऊ उसने, कारण त्याने एक दिवस उशीर केला की गवंडी एक दिवस उशिरा सुरू होतो.

---

एमएसपी_गुरू

म्हणजे मी म्हणालो तेच. `Free Slack` बघायला हवं होतं.

---

मंगळवेढेकरीण

बरं, तेवढं तुमचं. 🙂

---

निवृत्त_ओव्हरसियर

आमच्या काळी हे सगळं ड्रॉइंग शीटवर गोल काढून करायचो. डाव्या कप्प्यात लवकरची वेळ, उजव्यात उशिराची. ही पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतल्या लोकांनी रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी बसवली, आणि आपण टॉवेलच्या शेडला लावतोय, गंमत आहे.

ताईंनी फुटिंगचं अर्धवट सोडलं. शेडवाले, फुटिंगला ९ कसे आले?

---

शेडवाला

काका, बॅकवर्ड पासमध्ये फुटिंगच्या पुढे दोन कामं. उभारणी उशिरात उशिरा १८ ला सुरू करायची, चर २३ ला. मी मोठा आकडा घेतला, २३. तेवीसातून १४ गेले, ९. फॉरवर्डमध्ये मोठा घेतो ना, म्हणून इथेही घेतला.

---

निवृत्त_ओव्हरसियर

तीच ती चूक. जाताना मोठा, येताना लहान. फुटिंग २३ ला संपवलंत तर १८ ला उभारणीवाले खांब कशावर उभे करणार, तुमच्या टोटल फ्लोटवर? लेट फिनिश १८, फ्लोट ४.

पण मग पत्र्यांना शून्य कसा आला? त्यांच्याही पुढे दोन कामं आहेत. कोबा ३०, वायरिंग ३७.

---

शेडवाला

खरं सांगू? तिथे कोबा क्रिटिकल आहे हे आधीच माहीत होतं, म्हणून ३० घेतला. नियम म्हणून नाही.

---

मंगळवेढेकरीण

ही कबुली आवडली, कारण यात एक बारकावा लपलाय. समजा तुम्ही पत्र्यांपाशीही मोठाच आकडा घेतला असता, ३७. मग पत्र्यांना ७ फ्लोट, उभारणीला ७, फॅब्रिकेशनला ७. मागे येता येता सुरुवातीला पोहोचलात तर एकही काम शून्य दिवशी सुरू व्हायलाच हवं असं उरलं नसतं. कोबा आणि माग शून्यावर आणि त्यांच्या मागची साखळी तुटलेली. ते लगेच डोळ्यात खुपलं असतं, कारण क्रिटिकल पाथ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग लागतो.

फुटिंगपाशी तीच चूक केलीत, पण ती खुपली नाही. कारण फॅब्रिकेशनमुळे सुरुवातीचं शून्य जागेवर होतं आणि क्रिटिकल पाथ सलग दिसत होता. म्हणजे "सुरुवातीला शून्य आलं, गणित बरोबर" हा ताळा सगळ्या चुका पकडत नाही. बिनक्रिटिकल कामातली चूक त्यातून निसटते.

मी म्हणून बाणागणिक ताळा करते. प्रत्येक बाणावर दोन कामांमधली मोकळी जागा लिहायची, म्हणजे पुढच्याची लवकर सुरुवात वजा मागच्याचा लवकर शेवट. त्या जागेत पुढच्या कामाचा टोटल फ्लोट मिळवायचा. जितके बाण बाहेर जातात त्यातला सर्वात लहान आकडा म्हणजे ह्या कामाचा टोटल फ्लोट. फुटिंगहून उभारणीकडे जाताना जागा ४ आणि उभारणीचा फ्लोट ०, मिळून ४. चराकडे जाताना जागा ० आणि चराचा फ्लोट ९, मिळून ९. लहान तो ४. पॅनेलखोलीहून वायरिंगकडे २ आणि ७, मिळून ९. मोकळ्या जागांमधली सर्वात लहान तोच फ्री फ्लोट, म्हणून दोन्ही एका फेरीत निघतात.

---

डिप्लोमा_तिसरं_वर्ष

पण ताई, फुटिंगला टोटल ४ आणि फ्री शून्य, म्हणजे ते ४ दिवस वापरले तर काय बिघडतं? उभारणी तर १८ लाच होते.

---

मंगळवेढेकरीण

उभारणीचं काही बिघडत नाही, चराचं बिघडतं. फुटिंग १८ ला संपलं तर चर १८ ते २४, खोली २४ ते ३२, वायरिंग ३२ ते ३७. माग ४२ लाच चढतात, मालकाला काही कळत नाही. पण चराचे ९ आता ५ उरले, आणि गवंड्याचे ते स्वतःचे २ गेले. फुटिंगवाला निघून गेलेला असतो, बिल घेऊन. त्याने काय वापरलं ते दोन-अडीच आठवड्यांनी वायरमनला कळतं.

---

गवंडीबुवा

मी बोलू का मधी? पॅनेलखोली आणि कोबा दोन्ही एकच टोळी करती. निदान आमच्याकडं तरी. ३० ला पत्रे झाले की मला कोब्यावर बोलावणार. मग खोली मी ३७ पर्यंत कशी लांबवू? दोन ठिकाणी मी एकटा कसा उभा राहू बे.

---

शेडवाला

बुवा, आमच्याकडे कोबा ट्रिमिक्सवाल्यांचा आणि खोली वेगळ्या गवंड्याची. म्हणून जमलं.

---

मंगळवेढेकरीण

बुवांची टोळी असती तर खोलीपासून कोब्याकडे आणखी एक बाण काढावा लागला असता. खोली ३० ला संपायलाच हवी, म्हणजे तिचा टोटल फ्लोट २, आणि चराचाही २. नेटवर्कला माणसं दिसत नाहीत, बाण दिसतात. टोळी एकच असेल तर तो बाण आपणच काढायचा. आणखी एक. शेडवाला, पाणी मारायचे ७ दिवस तुम्ही कामाच्या दिवसांत धरलेत. रविवारी सिमेंट सुट्टी घेत नाही. त्या ७ दिवसांत एक रविवार येतोच, म्हणजे कामाचे दिवस ६. कोबा ११, सगळं काम ५१, आणि त्या वाटेवरचे ९ चे होतात ८. एमएस प्रोजेक्टमध्ये असं थांबणं `FS+7ed` असं लिहितात, मग ते सुट्ट्या वगळत नाही.

---

ट्रिमिक्स_अण्णा

हे बरोबर बोलल्या. पण रविवारी टँकर येत नाही, ते कुठं लिहायचं?

---

निवृत्त_ओव्हरसियर

मुख्य प्रश्न राहिलाच. ठेकेदाराला फ्लोट सांगायचा का? माझं मत स्पष्ट आहे, सांगायचाच नाही. लवकरची तारीख द्यायची आणि गप्प बसायचं. चाळीस वर्षं हेच केलं. सांगितलेला फ्लोट वापरला जातोच.

---

मंगळवेढेकरीण

काका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. वायरमनला "३० ला या" सांगितलं आणि खोली ३२ ला झाली, तर तो दोन दिवस माणसं बसवून पुढच्या वेळी तुमच्या तारखेवर विश्वास ठेवणार नाही. मी फ्री फ्लोट ज्याचा त्याला सांगते, कारण तो खरंच त्याचा आहे. वायरमनला ७, गवंड्याला २, चरवाल्याला काही नाही. उरलेला उसना फ्लोट माझ्या वहीत. कुणी मागितला तर मी देणार, आणि दिला की उरलेल्यांचे आकडे त्याच दिवशी बदलणार.

---

निवृत्त_ओव्हरसियर

वायरमनला ७ सांगितलेत ना? आता चर ५ दिवस लांबला तर खोली ३३ ला संपते, वायरमनचे ७ चे ४ झाले. त्याला तुम्ही आधीच शब्द दिलाय. मग?

---

मंगळवेढेकरीण

मग पुन्हा फोन. दिवसांऐवजी तारीख सांगितली तर थोडं सोपं जातं, "४२ च्या आत संपव" हे बदलत नाही. पण तुमचा मुद्दा खोटा नाही, वायरमनचा फ्री फ्लोटसुद्धा मागच्यांच्या उशिराने आक्रसतोच. माझ्याकडे याला फोनशिवाय दुसरा उपाय नाही.

---

चाटीगल्ली

आम्ही मालक लोक तर म्हणतो तो फ्लोट आमचा. पैसा आमचा, दिवस आमचे. ठेकेदाराचं काय त्यात?

---

गवंडीबुवा

तुमचे दिवस तर मग बसून राहिलेल्या टोळीची मजुरी पण तुमची का मालक?

---

शेडवाला

दुसरी शेड पुढच्या महिन्यात सुरू होतेय, हीच कामं, फक्त फॅब्रिकेशन १५ दिवसांत देतो म्हणालाय तो. काल रात्री नव्याने काढलं. उभारणी आता १५ ला. फुटिंगचा फ्लोट ४ वरून १ वर आला, सगळं काम ४९. चर, खोली ९ वरून ६ वर, वायरिंग मात्र ७ वरून ६ वर. आणि खोलीचा फ्री फ्लोट शून्य, कारण पत्रे २७ ला होतात आणि खोली २८ ला संपते. आता वायरमन पत्र्यांची नाही, गवंड्याची वाट बघणार. ताई, बाणागणिक ताळा करून पाहिला, जुळतोय.

फुटिंगवाल्याला तो १ दिवस सांगू की नको, ते ठरत नाहीये.

---

ट्रिमिक्स_अण्णा

दुसऱ्या शेडचा कोबा कुणाला दिलाय?